मामाची चालते, आतेची नाही

माझ्या आईवडिलांचं लग्न कधी झालंच नव्हतं, हे मला वयाच्या एकतिसाव्या वर्षी कर्जतच्या कोर्टात कळलं. सांगणारे माझे मधले काका. त्या लग्नात त्यांनी पंगतीत वाढलं होतं. जिलबी पुरणार नाही अशी शंका आल्यावर अर्ध्या पंगतीला आपण एकेकच कशी वाढली आणि इज्जत कशी वाचवली, हे ते पुढे घरातल्या प्रत्येक लग्नात सांगत. लोक हसत, तेही हसत. नवरा-नवरी, वाजंत्री, अक्षता, जिलबी, सगळं त्यांना नीट आठवत होतं. फक्त लग्न झालं नव्हतं.

तसं त्यांनी लेखी दिलं, खाली सही केली, आणि बाहेर येऊन मला विचारलं, "जेवलीस का गं?"

हा माणूस वाईट आहे असं मी कित्येक दिवस म्हणत होते. आता म्हणत नाही. वाईट असायला थोडी अक्कल लागते.

आधी घर सांगते. पोशीरला आमची भाताची जमीन, आजोबांकडून आलेली. आजोबांना तीन मुलगे: माझे वडील थोरले, मग मधले काका, मग धाकटे काका. आजोबांना एकच बहीण. ती तरुणपणी विधवा झाली, पदरी एक मुलगी. ही मुलगी म्हणजे माझी आई. बहीण आजारी पडली, वाचत नाही असं दिसलं, तेव्हा आजोबांनी तिच्या अंथरुणाशी बसून शब्द दिला की तुझी पोर माझ्या घरात येईल. आली. थोरल्या मुलाची बायको म्हणून आली. म्हणजे आई ही वडिलांची आतेबहीण.

आमच्याकडे मुलाने मामाची मुलगी करायची रीत आहे. किंबहुना ती नाही केली तर मामा रुसतो. आतेची मुलगी मात्र करत नाहीत. ज्या घरात आपली मुलगी दिली तिथून मुलगी परत आणायची नाही. त्याला उलटी सोयरीक म्हणतात आणि नाक मुरडतात. आजी तेव्हा खूप चिडली होती म्हणे. थोरल्यासाठी तिने आपल्या भावाची मुलगी हेरून ठेवली होती. पण आजोबांनी ऐकलं नाही. पुढे आजीने उरलेल्या दोन मुलांना आपल्या दोन भाच्या करून घेतल्या आणि हिशोब चुकता केला. म्हणजे माझ्या दोन्ही काकू काकांच्या मामेबहिणी. हे ध्यानात ठेवा, कारण काकांच्या ध्यानात ते अजिबात राहिलं नाही.

आजी-आजोबा गेले. मग दोन वर्षांपूर्वी, भात झोडायच्या दिवसांत, वडील खळ्यावरच छातीत कळ येऊन गेले. मी तेव्हा मोहोपाड्याला राहत होते, तिथल्या एका रसायनाच्या कारखान्यात मी नमुने तपासते. तेरावं झालं आणि आम्ही वारसनोंदीचा अर्ज दिला: मयताची पत्नी एक, मुलगी एक. तलाठ्याने नोटीस काढली. पंधरा दिवसांच्या आत दोन्ही काकांची हरकत आली. मंडळ अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, कपाळ चोळलं, आणि हे आमच्या हातातलं नाही, दिवाणी कोर्टात जा, असं सांगितलं.

काकांना काय हवं होतं ते पोशीरमधल्या कोंबड्यांनाही माहीत होतं. रस्त्याकडेची जमीन फार्महाऊसवाले बघून जात होते. तीन वाटे दोनावर आले तर कोणाला नको असतं? हाव मला समजते. पण हाव पुरी करायला त्यांनी जी वाट धरली, तिच्यासाठी मराठीत सभ्य शब्द नाही.

आमची वकीलबाई खालापूरची. चाळिशीची, बारीक आवाजाची, कोर्टात पायात चप्पल आणि पिशवीत बूट घेऊन येणारी. तिने आई आणि मी अशा दोघींच्या नावाने वाटपाचा दावा लावला. काकांचे वकील म्हणजे कर्जतमधले एक जुने वकीलसाहेब. त्यांनी शेवटचं पुस्तक कधी उघडलं होतं ते त्यांच्या कपाटावरच्या धुळीवरून कळत होतं.

त्यांची पहिली कैफियत आली. कैफियत म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर. तिच्यात लिहिलं होतं की माझ्या वडिलांची या लग्नाला संमती नव्हती, आजोबांनी त्यांना दम देऊन बोहल्यावर चढवलं, सबब हे लग्न बेकायदा आहे.

मी ते वाचून रडले. वकीलबाई वाचून हसली.

"जबरदस्तीचं लग्न असेल तर ते शून्यकरणीय," ती म्हणाली. "म्हणजे रद्द करून घेता येतं, पण जोवर कोर्टाकडून कोणी करून घेत नाही तोवर ते पक्कं लग्नच. आणि करून कोणी घ्यायचं? नवऱ्याने किंवा बायकोने. ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्याने, जबरदस्ती संपल्यापासून वर्षाच्या आत. तुझे वडील बत्तीस वर्षं गप्प नांदले. ते गेल्यावर त्यांच्या भावांना आता त्यांच्या वतीने जबरदस्ती आठवून चालत नाही."

बत्तीस वर्षं दम धरून संसार करणारा माणूस! मला वडील आठवले. संध्याकाळी आईने चहा ठेवला नाही तर चुलीशी जाऊन उगाच भांडी वाजवायचे, बोलायचे काही नाहीत. असा तो जबरदस्तीचा संसार.

चूक वकीलसाहेबांच्या लक्षात आणून दिली ती बहुधा त्यांच्या हाताखालच्या कोणी. दोन तारखांनंतर त्यांनी कैफियतीत दुरुस्ती मागितली. आता म्हणणं बदललं होतं. आता जबरदस्ती गायब. आता मयत आणि वादी क्रमांक एक, म्हणजे आई, हे सख्ख्या भावाबहिणीची मुलं असल्याने निषिद्ध नात्यातले आहेत, त्यामुळे त्यांचं लग्न मुळापासूनच शून्य आहे.

या वेळी वकीलबाई हसली नाही.

"शून्य लग्न वेगळं," ती म्हणाली. "ते कोणी रद्द करावं लागत नाही, ते झालेलंच नसतं. नवराबायकोपैकी कोणी गेलं असलं तरी वाटपाच्या दाव्यात तिसरा माणूस तो मुद्दा काढू शकतो. यांनी बरोबर जागी बोट ठेवलं."

"पण काकांनीही मामाच्या मुली केल्यात," मी म्हटलं. "तीही भावाबहिणीचीच मुलं की."

"कायद्याला मामाची आणि आतेची एकच. दोन्ही निषिद्ध. पण रूढी असेल तर सूट आहे. मामाच्या मुलीची रूढी तुमच्यात आहे, हे शेंबडं पोर सांगेल. आतेच्या मुलीचीही आहे, जुनी आहे, सगळ्यांना मान्य आहे, हे आपल्याला सिद्ध करावं लागेल. नुसतं एक लग्न झालं म्हणून रूढी होत नाही."

म्हणजे असं. तीन भाऊ, तिघांनी बहिणीच म्हणाव्यात अशा नात्यांत लग्नं केली. दोघांची लग्नं रीतीमुळे वाचली. तिसऱ्याचं वाचवायचं तर दाखले हवे.

दाखले शोधायला मी तीन महिने रविवार घालवले. उलट्या सोयरिकी आमच्याकडे अजिबात होत नाहीत असं नाही. होतात. फक्त झाल्या की त्यांच्याविषयी बोलत नाहीत. नेरळजवळच्या एका गावात वडिलांचे चुलत चुलते होते, त्यांच्या स्वतःच्या मुलाला त्यांनी आतेची मुलगी केली होती. मी त्यांच्या ओट्यावर बसले. त्यांनी मला पोहे खाऊ घातले, माझ्या वडिलांच्या आठवणीने डोळे पुसले, आणि साक्षीचं विचारल्यावर म्हणाले, "मी कोर्टात येईन गं, पन आमच्या नातीचं जमायचंय. वरात येऊ दे, मंग बघू."

"तोवर दावा संपेल, आजोबा."

"मंग देवाची इच्छा."

देवाची इच्छा हे शब्द माणसं कुठे कुठे वापरतात याची मला त्या तीन महिन्यांत चांगली माहिती झाली. आणखी एका घरात बाईने सरळ सांगितलं, आमच्यात तसं नाय, आणि तिच्या मागे भिंतीवर तिच्या आतेभावासोबतचा, म्हणजे नवऱ्यासोबतचा, फोटो टांगला होता. ती सोयरीक तर रीतीतलीच, नवऱ्याच्या बाजूने ती मामाचीच मुलगी. मी तिच्या सुनेविषयी विचारत होते. सून स्वतःच्या नवऱ्याच्या आतेची मुलगी. सून आतून पाणी घेऊन आली, तांब्या ठेवला, माझ्याकडे बघितलंही नाही. शेवटी एकच साक्षीदार मिळाला, तोही बहिरा.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींचा एक निकाल आला. वकीलबाईने मला फोन करून मुद्दाम खालापूरला बोलावलं. तिच्या टेबलावर त्याची छापील प्रत होती, कडेला पेन्सिलीच्या खुणा.

"ऐक," ती म्हणाली. "लग्न शून्य असो की शून्यकरणीय म्हणून रद्द झालेलं असो, त्यातून झालेली मुलं कायद्याने औरस. हे जुनंच आहे. फक्त अशा मुलांना आईबापांच्या मालमत्तेतच हक्क, इतर नातेवाइकांच्या नाही. आता वाद असा होता की आईबापांची मालमत्ता म्हणजे फक्त त्यांनी स्वतः कमावलेली, की वडिलोपार्जितातला त्यांचा वाटाही? वकीलसाहेब जुन्या निकालांवर बसलेत. त्यांचं गणित असं की आई बायको नाही म्हणून तिला काही नाही, आणि जमीन वडिलोपार्जित म्हणून मुलीलाही काही नाही. सगळं भावांना."

"आणि आता?"

"आता निकाल असा की, बाप मरायच्या क्षणाआधी वाटप झालं असं समजायचं, त्यात त्याला जो वाटा आला असता तो त्याचा, आणि त्यात या मुलाचा हक्क. तू जन्माने सहहिस्सेदार होत नाहीस. बाप जिवंत असताना तू वाटप मागू शकली नसतीस. पण आता तुझ्या वडिलांचा तिसरा हिस्सा त्यांच्या वारसांना जाणार. आजी नाही. बायको नाही असं धरलं तर वारस कोण उरतं?"

"मी."

"एकटी. लग्न खरं ठरलं तर तू आणि आई मिळून तिसरा हिस्सा. लग्न शून्य ठरलं तर तू एकटी तिसरा हिस्सा. काकांना दोन्हीकडून तेवढंच मिळतं, जेवढं त्यांचं आहे. ते तुझ्या आईला बायको नाही ठरवायला जिवाचं रान करताहेत, आणि त्यातून त्यांना एक गुंठा वाढून मिळणार नाही."

मी हसले. मनापासून हसले, किती महिन्यांनी. एवढी नीच आणि एवढी निरुपयोगी गोष्ट दोन माणसं मिळून करू शकतात याचंच नवल वाटलं. नीचपणात माणसाने निदान फायदा तरी बघावा.

वकीलबाई मात्र वेगळ्याच विचारात होती. "रूढी आपल्याला सिद्ध करता येईल असं मला वाटत नाही," ती म्हणाली. "एक बहिरा साक्षीदार आहे. तुम्ही लग्नाचा मुद्दा सोडून दिलात तर पुरावाच नको. एक पुरसीस देऊ, आईच्या सहीने. लग्न निषिद्ध नात्यातलं होतं हे मान्य, मुलगी औरस, तिला तिसरा हिस्सा. दोन तारखांत काम संपेल. नाही तर तुझ्या आईला पिंजऱ्यात उभं राहावं लागेल, आणि वकीलसाहेबांचं तोंड कसं चालतं ते तू बघितलं आहेस."

पुरसीस म्हणजे कोर्टाला दिलेली छोटी चिठ्ठी. अर्ध्या पानाची. मी ती घेऊन पोशीरला गेले.

आता इथे माझ्याविषयी सांगायला हवं, कारण काकांना नावं ठेवणं सोपं आहे. मला वाटलं, उत्तम झालं. मला रोजच्या तारखा, रजा आणि त्या बाकड्यांचा वीट आला होता. जमीन माझ्या नावावर आली म्हणजे आईचीच आली. कागदावर काय लिहिलंय त्याने तिच्या आयुष्याचं काय बिघडतंय? मी कारखान्यात नमुने तपासणारी बाई. निकाल तोच येणार असेल तर कमी पायऱ्यांची रीत धरायची, हे माझ्या अंगात मुरलेलं. हे सगळं मी तिला अगदी गोड आवाजात समजावलं. मधल्या काकांच्या आवाजात, खरं म्हणजे.

आईने पुरसीस दोनदा वाचली. तिला वाचायला वेळ लागतो, पण ती शब्द सोडत नाही.

"यात लिवलंय, मी त्यांची बायको नवती."

"तसं नाही गं. कायद्याच्या दृष्टीने..."

"लिवलंय तेच विचारते."

"हो."

"मंग बत्तीस वर्षं मी कोन व्हते?"

मी पुन्हा हिस्सा समजावायला लागले. तिने मला थांबवलं नाही. मी संपवल्यावर म्हणाली, "त्यांना म्हनायचं ते म्हनू दे. कोर्टाला म्हनायचं ते म्हनू दे. मी माझ्या हातानं नाय लिवनार. मला उभं कर."

त्या क्षणी मला तिचा राग आला. मूर्ख हट्ट वाटला. आज त्या रागाची मला जेवढी किळस वाटते तेवढी काकांच्या कैफियतीचीही नाही.

ती उभी राहिली. हिरव्या काठाचं लुगडं नेसून, कपाळ मोकळं. वकीलसाहेब उलटतपासाला उठले.

"मयत लग्नाआधी तुमचे कोण लागत होते?"

"मामेभाऊ."

"म्हणजे भाऊच."

"मामेभाऊ."

"तुम्ही त्यांना राखी बांधत होतात, हे खरं आहे का?"

"बांधायची ल्हानपनी. मंग बंद केली."

"केव्हापासून बंद केली?"

"मामानं लग्नाचं इचारलं तवापासून."

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. वकीलसाहेबांनीही थोडं हसू दिलं आणि न्यायाधीशांकडे बघितलं, विनोद पोचला का ते पाहायला. न्यायाधीश खाली मान घालून लिहून घेत होते. आई हसली नाही आणि लाजलीही नाही. तिला ते उत्तर देण्यासारखं उत्तर वाटलं होतं.

मग मधल्या काकांची पाळी आली. वकीलबाईने त्यांच्यासमोर लग्नाची पत्रिका ठेवली. 'आपले नम्र' या शब्दांखाली तिसरं नाव त्यांचं होतं.

"हे नाव तुमचंच?"

"हो."

"या लग्नाला तुम्ही लोकांना बोलावलंत?"

"वडलांनी छापलं."

"तुमच्या पत्नी लग्नाआधी तुमच्या कोण?"

"मामाची मुलगी."

"म्हणजे तुमची आई आणि त्यांचे वडील, बहीणभाऊ."

"हो."

"म्हणजे तुमचंही लग्न भावाबहिणीच्या मुलांचंच."

काका एकदम सावरून उभे राहिले. एवढा वेळ चाचरणारा माणूस आता ठाम झाला. "त्यात फरक हाय. मामाची चालते, आतेची नाय चालत."

"का नाही चालत?"

काकांनी वकीलसाहेबांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "नाय चालत म्हंजे नाय चालत," ते म्हणाले. "उलटं व्हतं."

आयुष्यात एकदाच या माणसाला एखाद्या गोष्टीचं कारण विचारलं गेलं, आणि त्याच्याजवळ ते नव्हतं. पण वकीलबाईने मला नंतर सांगितलं की दुर्दैवाने हेच उत्तर त्यांच्या फायद्याचं होतं. 'नाय चालत' हीच तर रूढी नसल्याची साक्ष.

बहिऱ्या साक्षीदाराने प्रश्न नीट ऐकू न आल्याने आपल्या म्हशीविषयी सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही.

निकाल मराठीत आला. वादी क्रमांक एक व मयत हे निषिद्ध नात्यातील असून अशा विवाहास परवानगी देणारी रूढी शाबीत झालेली नाही, सबब विवाह शून्य. वादी क्रमांक दोन ही कायद्याने औरस संतती, सबब मयताच्या एक तृतीयांश हिश्शास एकटी पात्र. वादी क्रमांक एकचा दावा फेटाळण्यात येतो.

काकांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि एकमेकांचे हात दाबले. बाहेर आल्यावर धाकट्या काकांनी चहा सांगितला. मग वकीलसाहेबांनी उरलेली वाक्यं समजावून सांगितली. मी समोरच्या बाजूला उभी होते. दोघांचे चेहरे हळूहळू उतरत गेले, ते मी मजेत पाहिलं. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. धाकटे काका म्हणाले, "म्हंजे आपुन काय जिंकलो?" वकीलसाहेब म्हणाले, तत्त्व. काकांनी अर्धा चहा तसाच ठेवला.

अपिलाला तीस दिवस होते. आईने अपील नको म्हटलं. निकालाची प्रत मात्र मागून घेतली. दुपारची कामं आटपली की ती माजघरात बसून ती वाचायची, बोट ठेवून, ओळ ओळ. मला ते बघवत नव्हतं. मी शनिवार-रविवारी आले की विषय काढायची नाही. आम्ही दोघी भाजीपाल्यावर बोलायचो.

वाटप तहसीलदारांकडून प्रत्यक्ष व्हायचं होतं, त्याला वेळ लागतो. तोवर जमीन सामाईक. एका रविवारी मधले काका आले. एक गिऱ्हाईक सगळा तुकडा एकदम घ्यायला तयार होतं, पण माझी सही लागणार होती. ते ओट्यावर बसले, पाणी प्यायले, आणि माझ्याशी न बोलता आईशी बोलले, कारण पोरीशी काय बोलायचं.

"वैनी, पोरीला जरा सांगा. आपल्या घरचा मामला हाय."

आई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"वैनी कशी म्हनता? मी तुमच्या आत्याची मुलगी. तुमी शपथेवर सांगितलंय."

काका हसले, आता ते जाऊ द्या, कोर्टाचं कोर्टात, असं काहीतरी म्हणाले.

"नाय जाऊ द्यायचं. लिवलंय." ती आत गेली, निकालाची प्रत घेऊन आली, आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे काकांच्याच शपथपत्राचा आधार देऊन नातं मांडलं होतं. मूळ मालक माझे पणजोबा. त्यांना अपत्यं दोन: एक मुलगा, म्हणजे आजोबा. एक मुलगी. त्या मुलीची एकुलती एक मुलगी, वादी क्रमांक एक.

"या जमिनीच्या कागदावर माझ्या आईचं नाव मी पयल्यांदा बघितलं," आई म्हणाली. "मामानं एकट्याचंच लावलं व्हतं. तिनं सोडून दिलं असं कुठं लिवलंय का?"

काकांना प्रश्न कळला नाही. मला कळला.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही खालापूरला वकीलबाईकडे होतो. तिने जुने फेरफार काढले. पणजोबा वारले ते वारसा कायदा आल्यानंतर, म्हणजे त्यांच्या हिश्शात मुलीचाही वाटा होता. हक्कसोडपत्र कुठेच नव्हतं. "सोपं नाही," ती म्हणाली. "एवढी वर्षं कोणी मागितलं नाही, हक्क बुडाला म्हणतील. पण नातं आपल्याला सिद्ध करायला नको. ते त्यांनीच आपल्यासाठी शपथेवर करून ठेवलंय." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार पक्षकार लागतात. तुझ्याही वाट्यातून कमी होणार. तुला प्रतिवादी करावं लागेल. मी तुझी वकील राहू शकणार नाही. तू हजर होऊन सगळं कबूल केलंस तर प्रश्न नाही."

मी म्हटलं, करेन.

तिने कागद पुढे ओढला आणि आईला नाव विचारलं. आईने स्वतःचं नाव सांगितलं, मग तिच्या वडिलांचं, मग माहेरचं आडनाव. ते पूर्ण नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. वकीलबाईचा पेन थांबला.

"आधारवर नवऱ्याचं नाव आहे ना?"

"हाय. पन कोर्टानं नाय म्हनलंय. तुमी हेच लिवा."

मला वाटलं होतं हा तिचा सूड आहे, आणि मी आत कुठेतरी खूशही होते. पण ते नाव सांगताना मी तिच्या तोंडाकडे बघितलं. सूड घेणारं माणूस असं दिसत नाही. दुसऱ्यांदा विधवा झालेली बाई दिसते तसं ते तोंड होतं, आणि पहिल्या वेळी निदान रडायला लोक आले होते.

वकीलबाई लिहीत गेली. प्रतिवादी क्रमांक एक, मधले काका, नातं, मामेभाऊ. प्रतिवादी क्रमांक दोन, धाकटे काका, नातं, मामेभाऊ. मग तिने मला न विचारता माझं नाव लिहिलं.

"प्रतिवादी क्रमांक तीन," ती म्हणाली. "नातं?"

"मुलगी," आई म्हणाली. "तेवढं ठेवलंय त्यांनी."